रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे नेमकं काय? घरातले रिपोर्ट वाचायची जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्यांसाठी

प्रत्येक घरात एक जण असतो ज्याच्या मोबाईलवर सगळ्यांचे रिपोर्ट येतात. डॉक्टर नसतो, नर्स नसतो, इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येतं एवढंच त्याचं क्वालिफिकेशन, आणि रिपोर्ट आला की पाच मिनिटांत फोन, "बघ रे जरा काय आलंय, घाबरण्यासारखं नाही ना?" मी लॅबमध्ये रिपोर्ट देण्याच्या काउंटरवर बसते त्यामुळे ही मंडळी मला रोज भेटतात, आणि गंमत म्हणजे त्यांना अवघड शब्द नडत नाहीत. अवघड शब्द दिसला की माणूस सरळ विचारतो. नडतात ते सोपे शब्द, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, फेल, स्टेबल, वीकनेस, जे आपण मराठीत दिवसभर वापरतो आणि म्हणून आपल्याला वाटतं की हे तर कळलं. तुमच्यावर हे काम नवीनच आलं असेल तर खालच्या क्रमाने जा.

पहिली पायरी: रिझल्टच्या आधी टेस्टचं नाव वाचा

पॉझिटिव्ह हा शब्द आपण चांगल्या अर्थाने वापरतो, पॉझिटिव्ह विचार कर, पॉझिटिव्ह माणूस आहे वगैरे. कोविडनंतर तो उलटा झाला, आता पॉझिटिव्ह म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. रिपोर्टमध्ये हे दोन्ही अर्थ सोडून द्यायचे. तिथे पॉझिटिव्ह म्हणजे "जे शोधत होतो ते सापडलं" आणि निगेटिव्ह म्हणजे "जे शोधत होतो ते सापडलं नाही", बास, याच्यापुढे एक अक्षर नाही. ते सापडणं चांगलं की वाईट हे काय शोधत होते त्यावर ठरतं, म्हणून डोळा आधी डावीकडच्या टेस्टच्या नावावर गेला पाहिजे आणि मग उजवीकडच्या ठळक अक्षरांवर. लोक बरोबर उलटं करतात.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण हिपॅटायटिस बी. याच्या दोन टेस्टची नावं इतकी सारखी आहेत की काउंटरवर हमखास गोंधळ होतो. एक आहे एचबीएसएजी आणि दुसरी अँटी-एचबीएस. एचबीएसएजी म्हणजे त्या व्हायरसच्या अंगावरचं प्रोटीन, ते रक्तात सापडलं म्हणजे व्हायरस आत्ता शरीरात आहे, म्हणजे इथे पॉझिटिव्ह ही काळजीची गोष्ट, पुढच्या तपासण्या करायच्या आणि डॉक्टरांना लवकर भेटायचं. अँटी-एचबीएस म्हणजे त्याच प्रोटीनविरुद्ध शरीराने तयार केलेली अँटीबॉडी, ती लस घेतल्यावर तयार होते किंवा पूर्वी इन्फेक्शन होऊन बरं झालं असेल तर असते. म्हणजे इथे पॉझिटिव्ह आलं तर तुमच्याकडे संरक्षण आहे, साधारण 10 च्या वर आकडा असेल तर लस लागू पडली असं धरतात.

आता प्रसंग बघा. एक मुलगी नर्सिंगच्या ॲडमिशनसाठी आली होती, हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्यांना ही लस घ्यावी लागते, तिचे तिन्ही डोस झालेले, 0, 1 आणि 6 महिन्यांचे, आणि लस लागली का ते बघायला टेस्ट केलेली. रिपोर्ट न्यायला वडील आले. कागदावर पॉझिटिव्ह बघितलं आणि काका जे गप्प झाले ते खुर्चीतच बसले, म्हणाले लस देऊनसुद्धा मुलीला कावीळ कशी झाली. त्यांना टेस्टच्या नावातला "अँटी" दाखवला, शेजारचा आकडा दाखवला, 10 च्या कितीतरी वर होता, आणि सांगितलं की ही टेस्ट निगेटिव्ह आली असती तर तिला परत डोस घ्यायला लावले असते. तरी त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे पॉझिटिव्ह चांगलं ना?" हो काका, या टेस्टमध्ये चांगलं.

इथेच अजून एक शब्द येतो, रिॲक्टिव्ह आणि नॉन-रिॲक्टिव्ह. मराठीत रिॲक्शन आली म्हणजे औषध अंगावर आलं, पुरळ उठलं, खाज सुटली, त्यामुळे "रिॲक्टिव्ह" वाचून कोणीतरी विचारतंच की कशाची रिॲक्शन आली. कशाचीच नाही. टेस्टच्या किटमध्ये जे मिसळलं त्याला रक्ताच्या नमुन्याने प्रतिसाद दिला एवढंच, म्हणजे तो पॉझिटिव्हचाच भाऊ. फरक एवढाच की लॅब जेव्हा रिॲक्टिव्ह लिहिते तेव्हा बऱ्याचदा ती प्राथमिक चाचणी असते आणि पक्कं सांगायला दुसरी टेस्ट करायची बाकी असते. म्हणून रिॲक्टिव्ह दिसल्यावर घरात लगेच घोषणा करू नका, खाली छोट्या अक्षरात "कन्फर्म करून घ्या" असं काही लिहिलंय का ते बघा.

आणि हो, रक्तगटाच्या पुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह याच्यात धरू नका. ओ निगेटिव्ह म्हणजे रक्तात काही कमी नाही, फक्त लाल पेशींवर आरएच नावाचा एक घटक नाही. त्याचा प्रश्न येतो तो रक्त चढवताना आणि गरोदरपणात, आई निगेटिव्ह असेल तर 28 व्या आठवड्याच्या आसपास अँटी-डी इंजेक्शन देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत परत. एवढं माहीत असलं की पुरे.

दुसरी पायरी: निगेटिव्ह आलं की तारीख बघा

निगेटिव्ह म्हणजे सुटलो, असं आपण धरतो. पण "सापडलं नाही" आणि "नाहीच" यात फरक आहे आणि तो फरक बऱ्याचदा तारखेत लपलेला असतो. डेंग्यूचं घ्या. एनएस-वन नावाची टेस्ट व्हायरसचा तुकडा शोधते, तो ताप आल्यापासून पहिल्या 4-5 दिवसांत रक्तात चांगला सापडतो, मग कमी होत जातो. आयजीएम अँटीबॉडी त्याच्या उलट, ती तयार व्हायलाच 5 एक दिवस लागतात. म्हणजे सातव्या दिवशी फक्त एनएस-वन केली आणि निगेटिव्ह आली तर त्यावरून डेंग्यू नाही असं म्हणता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी फक्त आयजीएम केली तरी तेच. म्हणून रिपोर्ट हातात आला की ताप कुठल्या तारखेला सुरू झाला ते आठवा, नमुना कुठल्या तारखेला घेतला ते रिपोर्टवर असतंच, आणि दोन्ही तारखा डॉक्टरांना सांगा. "रिपोर्ट निगेटिव्ह आहे डॉक्टर" याच्यापेक्षा "ताप सोमवारी आला, टेस्ट मंगळवारी केली, एनएस-वन निगेटिव्ह" हे त्यांना जास्त कामाचं.

तिसरी पायरी: एकाच रिपोर्टमध्ये दोन्ही शब्द आले तर ओळ-ओळ वेगळी वाचा

खरी परीक्षा इथे आहे. ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा रिपोर्ट तीन-चार पानी येतो आणि त्यात पॉझिटिव्ह-निगेटिव्ह इतक्या वेळा येतं की वाचणारा दमतो, आणि दमला की सगळे पॉझिटिव्ह वाईट आणि सगळे निगेटिव्ह चांगले असा सरसकट हिशोब करून मोकळा होतो. समजा आत्याच्या रिपोर्टमध्ये असं लिहिलंय: मार्जिन्स निगेटिव्ह, काखेतल्या 12 पैकी 0 गाठी पॉझिटिव्ह, ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह.

मार्जिन म्हणजे सर्जनने काढलेल्या तुकड्याची कड. तिथे कॅन्सरच्या पेशी शोधल्या, सापडल्या नाहीत, म्हणजे कडेपर्यंत आजार पोचलेला नव्हता. हे निगेटिव्ह चांगलं. काखेतल्या गाठी म्हणजे लिम्फ नोड, 12 काढल्या आणि एकीतही कॅन्सर नाही, हेही चांगलं. इथपर्यंत आपला नेहमीचा हिशोब बरोबर बसतो आणि म्हणूनच पुढे फसायला होतं.

ईआर आणि पीआर म्हणजे कॅन्सरच्या पेशींत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सना पकडणाऱ्या जागा आहेत का, हा प्रश्न. पॉझिटिव्ह म्हणजे आहेत, म्हणजे या पेशी वाढायला हार्मोन वापरतात, म्हणजेच तो पुरवठा किंवा ती जागा अडवणाऱ्या गोळ्या, टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल वगैरे, इथे काम करतील. त्या साधारण 5 वर्षं आणि काहींना त्याहून जास्त घ्यायला लागतात. आत्याच्या रिपोर्टमध्ये पॉझिटिव्ह आलं म्हणजे डॉक्टरांच्या हातात एक जास्तीचं हत्यार आलं. ईआरच्या पुढे टक्केवारीही असते, 1 टक्का किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह म्हणतात, पण 90 टक्के आणि 5 टक्के यात गोळ्यांचा उपयोग सारखा नसतो, म्हणून तो आकडा फोटोतून कापू नका.

हर-टू हे एक प्रोटीन, ते पेशींवर खूप जास्त असेल तर कॅन्सर जोरात वाढतो पण त्याच प्रोटीनवर नेम धरणारं ट्रास्टुझुमॅबसारखं औषधही आहे. इथे 0 किंवा 1+ ला निगेटिव्ह म्हणतात, 3+ ला पॉझिटिव्ह, आणि 2+ ला ना धड इकडचं ना तिकडचं, त्यासाठी फिश नावाची अजून एक टेस्ट पाठवतात. हो, टेस्टचं नावच फिश आहे, मासळीचा संबंध नाही, हे काउंटरवर सांगावं लागतं.

आता कल्पना करा हाच रिपोर्ट ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह असा आला. याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. तीन वेळा निगेटिव्ह, ऐकायला किती बरं वाटतं, आणि मी लोकांना फोनवर "तिन्ही निगेटिव्ह आलं हो" असं खुशीत सांगताना ऐकलंय. खरं म्हणजे त्याचा अर्थ हार्मोनच्या गोळ्या आणि हर-टूची औषधं दोन्ही इथे लागू पडणार नाहीत, मुख्य भर केमोथेरपीवर राहतो, आणि हा प्रकार सरासरीने जास्त वेगाने वाढणारा असतो. उपचार आहेत, अनेकांना केमोचा चांगला फायदाही होतो, पण ही खुशखबर म्हणून घरात जाऊ देऊ नका, कारण मग तोच माणूस केमोला नाही म्हणतो, "सगळं निगेटिव्ह आहे तर कशाला?" माझ्या मते पूर्ण रिपोर्टमधला सगळ्यात धोकादायक गैरसमज हाच.

घरच्या ग्रुपवर टाकताना रिपोर्टचे शब्द जसेच्या तसे नका टाकू. असं काहीतरी लिहा: "आत्याचा ऑपरेशननंतरचा रिपोर्ट आला. कडेला आणि काखेतल्या गाठींत आजार सापडला नाही. हार्मोनच्या गोळ्या चालतील असा प्रकार आहे. पुढची ट्रीटमेंट डॉक्टर ठरवणार." पॉझिटिव्ह शब्द एकदाही न वापरता सगळं सांगता येतं.

चौथी पायरी: मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द परत तपासा

"हार्ट फेल" पासून सुरू करू. मराठीत "त्यांचं हार्ट फेल झालं" म्हणजे ते गेले, अचानक. डिस्चार्ज कार्डवर हार्ट फेल्युअर लिहिलेलं असतं आणि माणूस समोर बसून चहा पितोय, मग घरच्यांना वाटतं एक तर डॉक्टर चुकले किंवा आता काही तासांचा खेळ. तसं नाही. डॉक्टरांच्या भाषेत हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय शरीराला पुरेल एवढं रक्त नीट ढकलत नाही, त्यामुळे पायाला सूज येते, आडवं झालं की दम लागतो, जिना चढवत नाही. गंभीर आहे पण औषधांवर लोक वर्षानुवर्षं जगतात. काम काय करायचं तर गोळ्या न चुकता, मीठ कमी, आणि रोज सकाळी लघवी करून आल्यावर वजन. 2-3 दिवसांत 2 किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, ते साठलेलं पाणी, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

याच रिपोर्टवर इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे ईएफ, टक्क्यांत लिहिलेला असतो आणि आपल्या डोक्यात परीक्षेचे मार्क बसलेले. ईएफ 60 टक्के बघून लोक म्हणतात 40 टक्के हृदय गेलं. अहो 60 हे एकदम नॉर्मल आहे, निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्यात आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण 55 ते 70 टक्केच टाकतं. 100 पैकी मोजायचंच नाही. 40 किंवा त्याखाली असेल तर कमी म्हणतात. आणि काहींना ईएफ चांगला असूनही हार्ट फेल्युअर असतं, तेव्हा फक्त आकडा बघून "काही नाही" म्हणू नका.

पुढचे दोन, अ‍ॅक्यूट आणि क्रॉनिक. मराठी पत्रकांत अ‍ॅक्यूटला तीव्र लिहितात त्यामुळे ते भयंकर वाटतं, आणि बोलताना क्रॉनिक म्हणजे केस हाताबाहेर असं लोक वापरतात. दोन्ही शब्द फक्त काळ सांगतात. अ‍ॅक्यूट म्हणजे अलीकडे अचानक सुरू झालेलं, क्रॉनिक म्हणजे बराच काळ चाललेलं. अ‍ॅक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस हे लांबलचक नाव बहुतेक वेळा साध्या उलट्या-जुलाबांचं असतं जे काही दिवसांत बरं होतं. क्रॉनिक किडनी डिसीज म्हणजे किडनीचा त्रास 3 महिन्यांपेक्षा जास्त काळ दिसतोय. त्यापुढे "स्टेज 3" असेल तर ती कॅन्सरची तिसरी स्टेज नाही, किडनीच्या कामाचे 5 टप्पे केलेत त्यातला मधला, म्हणजे किडनी रक्त किती गाळते ते सांगणारा ईजीएफआर हा आकडा 30 ते 59 मध्ये. दुर्लक्ष करायचं नाही, बीपी-शुगर सांभाळायची, मनाने पेनकिलर घ्यायच्या नाहीत, पण रडारडही नाही.

स्टेबल. आयसीयूच्या बाहेर डॉक्टर म्हणतात "पेशंट स्टेबल आहे" आणि नातेवाईक गावाला फोन लावतात की आता बरे आहेत. स्टेबल म्हणजे बीपी, नाडी, श्वास या घडीला वरखाली होत नाहीत, तेही कदाचित मशीनच्या आणि औषधांच्या आधाराने. पुढचा प्रश्न विचारा, "कशाच्या आधाराने स्टेबल आहेत, आणि कालच्यापेक्षा औषध कमी लागतंय का?" याच्या उत्तरात खरी माहिती असते. एक्स-रे, सोनोग्राफीच्या रिपोर्टमधला "अनरिमार्केबल" मात्र निवांत वाचा, शेरा देण्यासारखं काही नाही, म्हणजे नॉर्मल.

पाचवी पायरी: डॉक्टरांशी बोलताना तुमचे शब्द सुटे करा

गोंधळ दुसऱ्या दिशेनेही होतो, आणि इथे वेळ जातो. "बाबांना वीकनेस आलाय" हे वाक्य रोजचं. आपल्याला म्हणायचं असतं गळून गेल्यासारखं, थकवा, काही करावंसं वाटत नाही. डॉक्टरांच्या कानाला वीकनेस म्हणजे स्नायूंची ताकद कमी होणं. उलटा प्रकार जास्त वाईट: बाबांचा खरंच उजवा हात उचलत नसतो, बोलणं जड झालेलं असतं, आणि घरचे फोनवर सांगतात "सकाळपासून जरा वीकनेस आहे", पलीकडचा रिसेप्शनिस्ट म्हणतो संध्याकाळी या, सलाईन लावू. हा लकवा असू शकतो, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देतात, तेही सिटी स्कॅन करून. म्हणून वीकनेस शब्द टाकून द्या. एका बाजूचा हात-पाय, वाकडं तोंड, अडखळणारं बोलणं यातलं काही असेल तर तेच सांगा, आणि शेवटचं नॉर्मल कधी बघितलं ती वेळ सांगा, आणि फोनवर वाट न बघता स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला निघा. झोपेतून उठल्यावर कळलं असेल तर वेळ रात्री नीट बोलून झोपले तेव्हापासून मोजतात, उठल्यापासून नाही.

"बीपी आहे", "शुगर आहे" हेही तसंच, बीपी आणि शुगर सगळ्यांनाच असते, आकडा सांगा आणि चालू गोळीचं पाकीट दाखवा. फिट शब्द तर जपूनच, "पेशंट फिट आहे" आणि "पेशंटला फिट आली" यात ऑपरेशन होणं किंवा थांबणं एवढा फरक पडतो.

चक्कर हा शब्द आपला आहे पण तो एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो. खोली गरगर फिरतेय, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते, किंवा डोकं ठीक आहे पण चालताना तोल जातो. पहिल्यात कानाकडे बघतात, दुसऱ्यात बीपी आणि हृदयाकडे, तिसऱ्यात नसा आणि मेंदूकडे, ढोबळपणे. त्यामुळे दवाखान्यात जायच्या आधी घरीच आजीला विचारून घ्या की फिरतंय, अंधारी येतेय की तोल जातोय, किती वेळ टिकतं, आणि कूस बदलल्यावर येतं की उभं राहिल्यावर. चिठ्ठीवर मराठीतच लिहा. "व्हर्टिगो" लिहून नेऊ नका, तो शब्द डॉक्टरांना लिहू द्या.